आकड्यामागचा कागद : नॅकच्या दुसऱ्या निकषाचे लेखन

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, ही विद्यापीठ अनुदान आयोगाची स्वायत्त संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय बंगळुरूला आहे. मूल्यांकन हवे असलेल्या महाविद्यालयाने आधी स्वतःच स्वतःची तपासणी करून एक अहवाल सादर करायचा असतो. त्याला स्वयंअध्ययन अहवाल म्हणतात. महाविद्यालयांत तो ‘एसएसआर’ याच नावाने ओळखला जातो. २०१७ पासून लागू झालेल्या रचनेत हा अहवाल सात निकषांत विभागलेला आहे आणि एकूण भार १००० गुणांचा आहे. २०२४ मध्ये नॅकने श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ अशी दोनच उत्तरे देणारी पद्धत आणण्याचे जाहीर केले. तरीही आज महाविद्यालयांच्या कपाटांत आणि संकेतस्थळांवर जे अहवाल दिसतात ते बहुतेक २०१७च्या रचनेतलेच आहेत, आणि निकष कसा लिहायचा हे त्यांतूनच नीट समजते.

सातांपैकी दुसरा निकष ‘अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन’ हा आहे. संलग्न महाविद्यालयासाठी त्याला १००० पैकी ३५० गुण आहेत. इतर कोणत्याही निकषाला याच्या निम्म्याइतकाही भार नाही. महाविद्यालयाचे खरे काम याच निकषात येते: प्रवेश कोणाला मिळाला, शिकवायला किती माणसे होती, शिकवले कसे, परीक्षा कशा झाल्या आणि शेवटी किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले. इमारत देखणी असली आणि या निकषात महाविद्यालय मागे पडले, तर इतर सहा निकष ती तूट सहजासहजी भरून काढू शकत नाहीत.

निकषातले प्रश्न दोन प्रकारचे असतात. संख्यात्मक प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यायचे, ठरवून दिलेल्या एक्सेल तक्त्यात त्याची माहिती भरायची आणि आधार म्हणून कागद जोडायचे. गुणात्मक प्रश्नाला साधारण ५०० शब्दांच्या मर्यादेत वर्णन लिहायचे आणि त्यालाही पुरावे जोडायचे. आकडे ‘डीव्हीव्ही’ नावाच्या पडताळणी प्रक्रियेत तपासले जातात. वर्णन पुढे तज्ज्ञांची समिती वाचते आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार असे श्रेणीगुण मिळतात, ते त्या प्रश्नाच्या भाराने गुणले जातात आणि सगळ्यांच्या भारित सरासरीवरून श्रेणी ठरते. ३.५१ पासून पुढे ए++ मिळते, तर १.५० किंवा त्याखाली अधिस्वीकृती मिळत नाही.

हे लेखन बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने होते. आधी निकष समितीचा प्रमुख वर्णन लिहून काढतो, मग त्याला शोभतील असे आकडे जमवले जातात आणि शेवटच्या आठवड्यात कागद शोधायला कार्यालयात धावपळ होते. योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे. आधी कागद गोळा करावेत, त्यांवरून तक्ता भरावा आणि तक्ता जे सांगतो तेवढेच वर्णनात लिहावे. याचे कारण पडताळणीच्या पद्धतीत आहे. पडताळणी करणारा माणूस महाविद्यालयात येत नाही. त्याच्यासमोर फक्त तक्ता आणि जोडलेली पीडीएफ असते. कागदात जे दिसत नाही ते त्याच्या लेखी घडलेलेच नसते.

हे काम कसे चालते ते पाहण्यासाठी ग्रामीण महाराष्ट्रातले एक कल्पित अनुदानित महाविद्यालय घेऊ. कला शाखेच्या दोन तुकड्या, वाणिज्य आणि विज्ञानाची प्रत्येकी एक. प्रत्येक तुकडीची प्रवेशक्षमता १२०, म्हणजे प्रथम वर्षाला एकूण ४८० जागा. पुढचे सगळे आकडे या उदाहरणापुरते आहेत.

पहिला प्रश्न प्रवेशाचा. ४८० जागांपैकी ३८४ भरल्या असतील तर उत्तर ८० टक्के. हा हिशेब सरळ आहे, पण त्याला आधार म्हणून विद्यापीठाचे प्रवेशक्षमता मंजूर करणारे पत्र लागते. एखाद्या वर्षी तुकडी वाढवून मिळाली असेल तर त्या वर्षाचे स्वतंत्र पत्र हवे. पाच वर्षांची माहिती द्यायची असल्याने पाचही वर्षांची पत्रे सापडणे इथेच गरजेचे होते.

दुसरा प्रश्न आरक्षित जागा प्रत्यक्षात किती भरल्या, हा. चुका सर्वाधिक इथेच होतात, म्हणून तो सविस्तर पाहणे योग्य. महाराष्ट्रात मागासवर्गीय प्रवर्गांसाठीचे जुने आरक्षण एकूण ५२ टक्के आहे: अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, इतर मागासवर्ग १९, आणि विमुक्त जाती, भटक्या जमातींचे तीन गट व विशेष मागास प्रवर्ग मिळून १३. नॅकच्या तक्त्यात विमुक्त-भटक्यांसाठी वेगळा रकाना नसतो, म्हणून हे प्रवर्ग सहसा ‘इतर’ या रकान्यात जातात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग यांच्या जागा याखेरीज आहेत. उदाहरण सोपे राहावे म्हणून इथे त्या बाजूला ठेवल्या आहेत. ४८० जागांवर ५२ टक्के लावून पूर्णांक केले की तक्ता असा होतो:

| प्रवर्ग | राखीव जागा | प्रत्यक्ष प्रवेश | ग्राह्य प्रवेश |
|---|---|---|---|
| अनुसूचित जाती | ६२ | ५८ | ५८ |
| अनुसूचित जमाती | ३४ | ११ | ११ |
| इतर मागासवर्ग | ९१ | ११७ | ९१ |
| इतर प्रवर्ग | ६३ | ४७ | ४७ |
| एकूण | २५० | २३३ | २०७ |

प्रत्यक्ष प्रवेशांची बेरीज २३३ होते आणि २५० जागांच्या तुलनेत ती ९३.२ टक्के भरते. अनेक समित्या हाच आकडा लिहितात. पण प्रश्न राखीव जागांपैकी किती भरल्या हा आहे, त्या प्रवर्गातले किती विद्यार्थी महाविद्यालयात आहेत हा नाही. इतर मागासवर्गाच्या ९१ जागा होत्या. त्याहून जास्त आलेले २६ विद्यार्थी खुल्या जागांवर गेले, ते इथे मोजता येत नाहीत. एका प्रवर्गातल्या जास्तीच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या प्रवर्गाची तूट भरून निघत नाही. म्हणून ग्राह्य आकडा २०७ आणि उत्तर ८२.८ टक्के. महाविद्यालयाने ९३.२ लिहिले तर पडताळणीत तो आकडा खाली आणला जातो, आणि अशी दुरुस्ती वारंवार झाली की पुढच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने पाहिले जाते.

या तक्त्यातली खरी बातमी मात्र अनुसूचित जमातीच्या ओळीत आहे. ३४ जागांपैकी ११ भरल्या. त्यामागचे कारण वसतिगृहाचा अभाव असेल, एसटीची वेळ असेल किंवा विज्ञान शाखेचा खर्च असेल. ते शोधून वर्णनात सांगणाऱ्या आणि त्यावर काय केले हे दाखवणाऱ्या महाविद्यालयाने स्वतःचे अध्ययन खरोखर केलेले असते. एकूण ८२.८ या आकड्यामागे ती ओळ लपवणाऱ्या महाविद्यालयाने फक्त अहवाल भरलेला असतो.

या प्रश्नाला लागणारे कागद ठरलेले आहेत: आरक्षणाची टक्केवारी सांगणारा शासन निर्णय, विद्यापीठाला सादर केलेली प्रवेशाची प्रवर्गनिहाय माहिती आणि प्राचार्यांच्या सही-शिक्क्याची अंतिम प्रवेशयादी. शासन निर्णय मराठीत असतो, आणि पडताळणी करणारी व्यक्ती देशात कुठलीही असू शकते. म्हणून त्याचा इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. हे वेळेवर लक्षात न आल्याने योग्य आकडासुद्धा आधाराविना राहिल्याची उदाहरणे घडतात. पाच वर्षांच्या कालावधीत नियम बदललेला असू शकतो, हेही पाहावे लागते. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये रद्द केला आणि २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा आला. त्यामुळे राखीव जागांचा एकच आकडा पाचही वर्षांना लावला तर तो काही वर्षांसाठी चुकीचा ठरतो. प्रत्येक वर्षाला त्या वर्षी लागू असलेला निर्णयच जोडला पाहिजे.

यानंतर शिक्षकांचा प्रश्न येतो, आणि तो अवघड जागीचा आहे. या महाविद्यालयात ३२ पदे मंजूर आहेत. त्यांपैकी २१ भरलेली आहेत आणि ११ जागांचे काम तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक करतात. गावात, विद्यार्थ्यांत, वेळापत्रकात तेही ‘सर’ आणि ‘मॅडम’च असतात, काहींनी एकाच महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिकवलेले असते. पण नॅकच्या व्याख्येप्रमाणे पूर्णवेळ शिक्षक तोच, जो संपूर्ण शैक्षणिक वर्षभर पूर्णवेळ शिक्षकाच्या ठरलेल्या कामाच्या तासांपैकी किमान ९० टक्के तास काम करतो. ठरावीक तासांपुरती नेमणूक असलेला प्राध्यापक या व्याख्येत बसत नाही. म्हणून मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक २१ भागिले ३२, म्हणजे ६५.६ टक्के.

हाच २१ चा आकडा आणखी तीन ठिकाणी येतो. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण काढताना महाविद्यालयातले सर्व विद्यार्थी, समजा १०८०, याच २१ ने भागायचे असतात. उत्तर ५१ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे येते. ३२ ने भागले तर प्रमाण ३४ वर येते आणि ते कितीतरी बरे दिसते. नेट, सेट किंवा पीएच.डी. असलेल्या शिक्षकांची टक्केवारी काढतानाही छेदस्थानी हेच शिक्षक असतात. शिवाय अहवालाच्या सुरुवातीला ‘एक्स्टेंडेड प्रोफाईल’ नावाचा भाग असतो. त्यात विद्यार्थी आणि शिक्षकांची वर्षनिहाय संख्या एकदा नोंदवली की पुढचे सगळे प्रश्न तिच्याशी जुळावे लागतात. एका प्रश्नात २१ आणि दुसऱ्यात ३२ असे आले की पडताळणी करणाऱ्याला काही शोधावे लागत नाही, विसंगती स्वतःच पुढे येते.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना पूर्णवेळ दाखवण्याचा मोह का होतो, हे समजण्यासारखे आहे. भरतीसाठी शासनाची परवानगी लागते, ती वर्षानुवर्षे मिळत नाही, आणि गुण मात्र महाविद्यालयाचे जातात. ही अन्यायाची बाजू खरी आहे. पण ती सांगण्याची जागा वर्णन ही आहे, तक्ता नव्हे. पदे भरण्यासाठी उच्च शिक्षण सहसंचालकांकडे केव्हा आणि किती वेळा प्रस्ताव पाठवले, त्यांची जावक क्रमांकासह पत्रे, संस्थेने स्वतःच्या खर्चाने काही पूर्णवेळ पदे मंजूर केली असतील तर त्यांचे ठराव आणि नेमणूकपत्रे, हे सगळे पुराव्यात देता येते. संस्थेने मंजूर केलेली पूर्णवेळ पदे मोजणीत येतात. मात्र ती छेदातही जातात आणि अंशातही, हे विसरून चालत नाही.

निकालाचा प्रश्न वरवर सोपा वाटतो. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी आणि त्यांतले उत्तीर्ण, एवढेच विचारलेले असते. समजा कला शाखेत १६८ बसले आणि १२१ उत्तीर्ण झाले, वाणिज्यमध्ये ९२ पैकी ८० आणि विज्ञानमध्ये ७५ पैकी ५४. तीन शाखांच्या टक्केवाऱ्या ७२, ८७ आणि ७२ येतात. त्यांची सरासरी काढली तर ७७ टक्के होतात. पण शाखा लहान-मोठ्या असताना टक्केवाऱ्यांची सरासरी काढणे चूक आहे. एकूण उत्तीर्ण २५५ भागिले एकूण बसलेले ३३५, म्हणजे ७६.१ टक्के हेच उत्तर. फरक एका टक्क्याहूनही कमी आहे, तरी कागदाशी न जुळणारा आकडा तो न जुळणाराच.

इथला कागद म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने दिलेला किंवा प्रमाणित केलेला निकाल. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात किंवा स्नेहसंमेलनाच्या भाषणात सांगितलेली टक्केवारी बहुधा वेगळी निघते. कुठे पुनर्मूल्यांकनानंतरचे आकडे असतात, कुठे मागील वर्षांचे विषय राहिलेले विद्यार्थी मोजलेले किंवा वगळलेले असतात. दरवर्षी नॅकला पाठवायच्या वार्षिक गुणवत्ता अहवालातही, म्हणजे ‘एक्यूएआर’मध्येही, हेच आकडे गेलेले असतात. म्हणून पाच वर्षांनी अहवाल लिहिताना नवा हिशेब मांडण्याआधी जुने पाच वार्षिक अहवाल समोर घेऊन बसणे हा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग आहे. फरक सापडला तर त्याचे कारण तेव्हाच लिहून ठेवावे. पडताळणीत शंका आली की उत्तर द्यायला मोजकेच दिवस मिळतात.

आता वर्णनाकडे. विद्यार्थीकेंद्री अध्यापनपद्धती या प्रश्नाला बहुतेक अहवालांत अशा प्रकारचे वाक्य असते: महाविद्यालयात क्षेत्रभेटी, प्रकल्प, गटचर्चा, आयसीटी यांचा प्रभावी वापर केला जातो. हे वाक्य देशातल्या कुठल्याही महाविद्यालयाला चालेल, म्हणून त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याजागी असे लिहिता येते: भूगोलाच्या तृतीय वर्षाच्या ४८ विद्यार्थ्यांनी ऑक्टोबर आणि मार्चमध्ये जवळच्या दोन गावांतल्या विहिरींची पाणीपातळी मोजली, दोन्ही मोजणींतला फरक नकाशावर मांडला आणि त्याच अहवालावर त्यांचे अंतर्गत गुण दिले गेले. या वाक्यातल्या प्रत्येक शब्दामागे कागद असू शकतो: विभागाचे परवानगीचे पत्र, सह्यांची उपस्थिती, ठिकाण आणि तारीख दिसणारी जिओटॅग छायाचित्रे, विद्यार्थ्याने हाताने काढलेला नकाशा, गुणांची नोंदवही. शंभर छायाचित्रांच्या पीडीएफपेक्षा असे एक प्रकरण पूर्ण दाखवणे अधिक बोलते.

गुणात्मक प्रश्नांत सर्वांत दुर्लक्षित प्रश्न अध्ययन-निष्पत्तींचा आहे. प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला विद्यार्थ्याला शेवटी काय यायला हवे ते लिहिलेले असते. त्यातले किती साधले, हे मोजून दाखवायचे असते. मोजण्याची पद्धत महाविद्यालयाने स्वतः ठरवायची असते. समजा भूगोलाच्या याच विषयाला तीन निष्पत्ती आहेत: नकाशावाचन, आकडेवारीचे विश्लेषण आणि क्षेत्र-अहवाल लेखन. विभागाने ठरवले की त्या निष्पत्तीवरच्या प्रश्नांत निम्मे गुण मिळवणारा विद्यार्थी ती साध्य करतो. ७० टक्के विद्यार्थी पोहोचले तर पातळी ३, ६० टक्के पोहोचले तर २, ५० टक्के पोहोचले तर १, त्याखाली शून्य. नकाशावाचनात ४८ पैकी ३६ पोहोचले, म्हणजे ७५ टक्के, पातळी ३. अहवाल लेखनात ३१, म्हणजे ६४.६ टक्के, पातळी २. आकडेवारीच्या विश्लेषणात मात्र २२ जणच पोहोचले. ४५.८ टक्के, पातळी शून्य.

अनेक विभाग हा शून्य दिसताच उद्दिष्टच खाली आणतात, निम्म्याऐवजी ४० टक्के गुण पुरेसे मानतात आणि तक्ता हिरवा करून टाकतात. उघडकीला येते ते अशाने, की एकाच विभागाची उद्दिष्टे दरवर्षी बदलतात किंवा सर्व विषयांच्या सर्व निष्पत्ती सारख्याच पातळीवर निघतात. खरे मोजमाप असे एकसारखे कधीच येत नाही. शून्य तसाच ठेवून पुढच्या सत्रात सांख्यिकीचे जादा तास घेतले, त्यांचे वेळापत्रक आणि उपस्थिती ठेवली, आणि पुढच्या तुकडीत ५२ पैकी २९ जण, म्हणजे ५५.८ टक्के पोहोचले, तर पातळी १ होते. ही वाढ लहान आहे, पण तिच्यामागे कारण, कृती आणि परिणाम तिन्ही कागदावर आहेत. स्वयंअध्ययन म्हणजे नेमके हेच, आणि तज्ज्ञ समितीतला अनुभवी प्राध्यापक असा तक्ता लगेच ओळखतो.

या निकषातले ६० गुण महाविद्यालयाच्या लेखणीवर अवलंबून नसतात. ते विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचे आहेत. महाविद्यालय विद्यार्थ्यांची यादी ईमेलसह देते आणि नॅक थेट विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठवते: वीस बहुपर्यायी प्रश्न आणि एक मोकळे उत्तर. महाविद्यालयांसाठी विद्यार्थिसंख्येच्या १० टक्के किंवा १००, यांतला लहान आकडा, एवढे प्रतिसाद तरी यावे लागतात. उदाहरणातल्या महाविद्यालयात ही संख्या १०० होते. प्रवेशाच्या वेळी घेतलेले ईमेल चुकीचे असतील, किंवा नेट कॅफेवाल्याचाच पत्ता वीस अर्जांवर असेल, तर एवढी उत्तरेही येत नाहीत. म्हणून ही यादी तपासण्याचे काम अहवाल लिहायला घेण्याच्या कितीतरी आधी, प्रवेश खिडकीवरच सुरू व्हावे लागते.

कागद जोडण्याच्या कामालाही काही पद्धत हवी. प्रत्येक प्रश्नाची एकच फाईल, तिच्या पहिल्या पानावर अनुक्रमणिका, पाच वर्षांचे कागद वर्षाच्या क्रमाने, आणि तक्त्यातल्या आकड्याशी संबंधित ओळ पिवळ्या रंगात ठळक केलेली असेल, तर पडताळणी करणाऱ्याला ३०० पानांच्या प्रवेशयादीत बेरीज करावी लागत नाही. फाईल अपलोड करण्याला आकाराची मर्यादा असल्याने मोठे कागद महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवून दुवा दिला जातो. तो दुवा परवानगी मागणाऱ्या खासगी ड्राइव्हचा असला, किंवा संकेतस्थळाचे नूतनीकरण होऊन मधल्या काळात तुटला, तर पुरावा नसल्यासारखेच होते.

पडताळणी पूर्ण झाल्यावर महाविद्यालयाने दिलेला आकडा आणि मान्य झालेला आकडा शेजारी शेजारी ठेवून बदलांची यादी तयार होते. समितीच्या भेटीत प्राचार्यांच्या सादरीकरणानंतर सदस्य विभागांत जातात, विद्यार्थ्यांशी बोलतात, नोंदवह्या उघडतात. विहिरींच्या मोजणीचा उल्लेख वाचलेला सदस्य भूगोल विभागात गेल्यावर तो नकाशा मागतो, आणि तो काढणाऱ्या विद्यार्थ्याला विचारतो की मार्चमध्ये कोणत्या विहिरीचे पाणी सर्वांत खाली गेले होते.